एक कढ म्हणजे किती? परदेशी पाहुण्यांच्या स्वयंपाकवर्गातील दुभाष्याचे काम

प्रश्न : माझी मावशी कोल्हापुरात घरीच स्वयंपाकाचे वर्ग घेते. पुढच्या महिन्यात सहा परदेशी पाहुणे तांबडा-पांढरा रस्सा शिकायला येणार आहेत आणि भाषांतर मला करायचे आहे. माझे इंग्रजी चांगले आहे, पण जिन्नसांची नावे, मावशीची अंदाजाची मापे आणि ‘भाजा’, ‘परता’, ‘कढ येऊ द्या’ ही क्रियापदे नेमकी कशी सांगावीत ते कळत नाही. तयारी कशी करू?

उत्तर : वर्गाच्या किमान आठवडाभर आधी मावशींबरोबर हाच स्वयंपाक एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत करा आणि त्या दिवशी एका शब्दाचेही भाषांतर करू नका. जवळ एक वही, ग्रॅम दाखवणारा काटा, मिलिलिटरच्या खुणा असलेले एक माप आणि घड्याळ एवढेच ठेवा. वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात मावशी काय म्हणाल्या ते, दुसऱ्यात त्यांच्या हाताने प्रत्यक्षात काय केले ते आणि तिसऱ्यात त्या कोणत्या खुणेवर थांबल्या ते लिहा. पहिला रकाना आपोआप भरतो. तिसरा भरण्यासाठी मात्र सारखे विचारावे लागते, कारण थांबायची खूण बोलून दाखवण्याची वेळ मावशींवर कधी आलेलीच नसते. आपल्याकडे ‘परता’ म्हटले की कढई, तेल, आच आणि शेवटचा रंग एवढे सगळे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे असे धरलेले असते. पाहुण्याला त्यातले काहीच ठाऊक नसते, म्हणून वर्गात तुम्हाला भाषांतर करायचे आहे ते मुख्यतः या तिसऱ्या रकान्याचे.

हे मला एका पातेलेभर पांढऱ्या रश्शाने शिकवले. मी हे काम सुरू केले त्या पहिल्याच वर्षी वर्गात तीन शेगड्या मांडल्या होत्या आणि प्रत्येक शेगडीवर दोन पाहुणे होते. मटणाचे अळणी, म्हणजे मटण शिजवलेले पाणी, तयार होते. काजू, खसखस आणि तीळ यांचे वाटण खड्या मसाल्यावर परतून त्यात अळणी घातले होते, आणि आता नारळाचे जाड दूध घालायचे होते. वर्ग घेणाऱ्या वहिनी म्हणाल्या, “दूध घातलं की एक कढ येऊ द्या आणि उतरवा.” मी त्याचे इंग्रजी ‘ब्रिंग इट टू अ बॉइल’ असे केले. शब्दकोशाप्रमाणे त्यात चूक नव्हती. पाहुण्यांच्या स्वयंपाकघरात मात्र या वाक्याचा अर्थ सगळा पृष्ठभाग खळखळेपर्यंत थांबायचे, असा होतो. दोन शेगड्यांवरचा रस्सा खळखळला आणि फुटला. वर तेलकट थेंब, मध्ये पांढरे कण आणि खाली पातळ पाणी असे त्याचे रूप झाले. तिसऱ्या शेगडीवर वहिनी स्वतः उभ्या होत्या, म्हणून तेवढाच रस्सा वाचला.

नारळाचे दूध म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे बारीक थेंब, आणि नारळातली प्रथिने ते थेंब एकमेकांपासून वेगळे ठेवतात. जोराच्या आचेवर ही प्रथिने गोठतात, थेंब एकत्र येतात आणि तेल वर तरंगू लागते. परदेशात डब्यात मिळणाऱ्या नारळाच्या दुधात बहुतेक वेळा ते एकजीव ठेवणारे पदार्थ मिसळलेले असतात, त्यामुळे ते बरीच उकळी सहन करते. पाहुण्यांना त्याच दुधाची सवय असते. आपण ओला नारळ खवून, वाटून, कापडातून पिळून काढलेल्या दुधाला असा आधार नसतो. म्हणून आता मी वहिनींच्या त्या एका वाक्याची तीन वाक्ये करते. दूध घालण्यापूर्वी आच अगदी मंद करा. घातल्यावर डाव एकाच दिशेने हळूहळू फिरवत राहा. पातेल्याच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ दिसली आणि मध्यभाग अजून शांत असला की गॅस बंद करा. यात ‘बॉइल’ हा शब्द मी मुद्दाम येऊ देत नाही. आणि ही तिन्ही वाक्ये दूध पातेल्यात पडण्यापूर्वी सांगते, कारण कडेची माळ आणि खळखळाट यांत जेमतेम अर्ध्या मिनिटाचे अंतर असते. तेवढ्यात वाक्य ऐकून, त्याचे भाषांतर करून ते पाहुण्यांपर्यंत पोहोचवणे जमत नाही.

याच वर्गात शेजारच्या शेगडीवर तांबडा रस्सा असतो आणि तिथे नेमके उलटे घडायला हवे असते. “मसाला तेल सुटेपर्यंत परता,” असे मावशी म्हणतील. तुम्ही त्याचे इंग्रजी ‘तेल वेगळे होईपर्यंत’ असे कराल, आणि दहा मिनिटांनी पांढऱ्या रश्शासाठी ‘वेगळे होऊ देऊ नका’ असे सांगाल. दोन्ही वेळा इंग्रजीत ‘सेपरेट’ हेच क्रियापद तोंडात येते, आणि एकाच गोष्टीला इथे हो व तिथे नाही का, असे पाहुणे विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर तुमच्याकडे तयार असले पाहिजे. तांबड्यात कांदा-खोबऱ्याच्या वाटणातले पाणी आटून गेले की तेल कडेने दिसू लागते, मसाला कढईला न चिकटता गोळ्यासारखा एकत्र फिरतो, आणि फसफसण्याचा ओला आवाज जाऊन चरचरण्याचा कोरडा आवाज येऊ लागतो. म्हणजे तेल सुटणे ही तिथे कच्चेपणा गेल्याची खूण आहे आणि पुढे तेच तेल तवंग होऊन रश्शावर येते. मी तांबड्यासाठी ‘कडेला तेल चमकताना दिसेपर्यंत’ असे म्हणते आणि पांढऱ्यासाठी ‘फुटू देऊ नका’ या अर्थाचा ‘कर्डल’ हा शब्द वापरते. दोन गोष्टींना दोन शब्द दिले की हा गोंधळ उरत नाही.

आता ‘भाजणे’ घ्या. एवढ्याशा जेवणात मावशी हे क्रियापद निदान चार वेगळ्या कृतींसाठी वापरतील. सुके खोबरे कोरड्या कढईत तांबूस होईपर्यंत भाजायचे, तीळ आणि खसखस काही सेकंद नुसती गरम करून तडतडू लागताच उतरवायची, कांदा आचेवर धरून वरची साल काळी होईपर्यंत भाजायचा, आणि भाकरी आधी तव्यावर व मग आचेवर भाजायची. या चारींना ‘रोस्ट’ म्हणाल तर बहुतेक पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर ओव्हन उभा राहील. खोबरे आणि तीळ यांच्यासाठी ‘कोरड्या तव्यावर टोस्ट करा’ हे बरोबर बसते, कांद्यासाठी वरून काळे करणे या अर्थाचा इंग्रजी ‘चार’ हा शब्द नेमका आहे, आणि भाकरीसाठी ‘तव्यावर शिजवा’ एवढे साधे म्हणणे पुरते. खोबऱ्याबाबत एक इशारा आधीच द्यावा. त्याला रंग यायला वेळ लागतो, पण एकदा रंग चढू लागला की ते झपाट्याने करपते, आणि कढईच्या उष्णतेत गॅस बंद केल्यावरही भाजत राहते. त्यामुळे हव्या त्या रंगाच्या थोडे आधीच ते ताटात काढून घ्यायचे असते. करपलेल्या खोबऱ्याचा कडवटपणा रश्शात उतरतो आणि नंतर काही घालून जात नाही.

‘वाटणे’ आणि ‘दळणे’ या दोहोंना इंग्रजीत ‘ग्राइंड’च म्हणतात. पाहुण्याला पूड हवी की ओला गोळा हे त्यातून कळत नाही, म्हणून ‘थोडे पाणी घालून लोण्यासारखे मऊ’ असे शेवटचे रूप सांगा. बाकीची क्रियापदे हात पाहून समजतात. भाकरी थापताना तर गप्पच राहावे. तिथे पाहुण्यांचे डोळे मावशींच्या तळव्याकडे असतात आणि मध्ये बोलले की त्यांची भाकरी मोडते.

नावांच्या बाबतीत सर्वांत मोठा घोटाळा करणारा शब्द म्हणजे आपली कोल्हापूरची चटणी. उन्हाळ्यात मिरच्या आणून, मसाले भाजून, कांडपावरून कुटून आणलेली वर्षभराची कांदा-लसूण चटणी आपण नुसती ‘चटणी’ म्हणतो. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मनात मात्र ‘चटनी’ म्हणजे बरणीतला आंबट-गोड, मुरंब्यासारखा पदार्थ असतो. मावशी “दोन चमचे चटणी घाला” म्हणाल्या आणि तुम्ही तोच शब्द पुढे दिलात, तर वर्गात काही बिघडणार नाही, कारण डबा समोर आहे. बिघडेल ते पाहुणा घरी जाऊन टिपण उघडेल तेव्हा. त्याला ‘लाल तिखट’ म्हणूनही चालत नाही, कारण अमेरिकेत ‘चिली पावडर’ या नावाने जे मिळते त्यात जिरे, लसूण आणि ओरेगॅनो मिसळलेले असते. माझा नेम असा आहे, की ज्या वस्तूला परदेशात जोडीदार नाही तिचे मराठी नाव तसेच ठेवायचे, ते पाहुण्यांकडून दोनदा म्हणवून घ्यायचे आणि त्यात काय काय आहे ते एका वाक्यात सांगायचे. ‘कांदा-लसूण मसाला’ हे नाव त्यांना दुकानात शोधायलाही उपयोगी पडते.

मटणाचेही तसेच आहे. आपण मटण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा बोकडाचे मांस असते, आणि ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियातल्या माणसासाठी त्याच शब्दाचा अर्थ मोठ्या मेंढीचे मांस असा होतो. वास, चरबी आणि शिजायचा वेळ या तिन्हींत फरक पडतो, म्हणून ‘गोट’ असेच सांगावे. मसाल्यांत शहाजिरे जपून सांगा. त्याला काही ठिकाणी ‘ब्लॅक कॅरवे’ म्हणतात, पण त्याच नावाखाली कलौंजीही विकली जाते. साध्या जिऱ्याचाही घोळ होतो. स्वीडिश भाषेत ‘कुमिन’ म्हणजे कॅरवे, आणि आपल्या जिऱ्याला तिथे ‘स्पिसकुमिन’ म्हणतात. तमालपत्र दाखवताना पान उलटे करून त्याच्या तीन लांब शिरा दाखवा. युरोपातल्या ‘बे लीफ’ला मधली एकच ठळक शीर असते आणि तिचा स्वाद निराळा असतो, हे पाहिल्यावर एरवी लांबणारे स्पष्टीकरण दोन शब्दांत आटोपते. धणे आणि कोथिंबीर यांसाठी ब्रिटिश पाहुणे एकच नाव वापरतात, तर अमेरिकन पाने ‘सिलँट्रो’ म्हणतात. म्हणून दर वेळी ‘बी’ किंवा ‘पान’ हा शब्द जोडा. हे सगळे वर्गात आठवत बसायचे नसेल तर आदल्या दिवशी लक्ष्मीपुरीच्या बाजारातून प्रत्येक मसाला थोडाथोडा आणा, छोट्या वाट्यांत मांडा आणि प्रत्येक वाटीपुढे नावाची चिठ्ठी ठेवा. पाहुणे त्यांचा फोटो घेतात, आणि नावाबद्दलचे अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

आपले भारतीय इंग्रजीही तपासून घ्या. आपण सहज ‘गॅस लो करा’ म्हणतो, दह्याला ‘कर्ड’ म्हणतो आणि वांग्याला ‘ब्रिंजल’. पाहुण्यांना ‘फ्लेम’, ‘योगर्ट’ आणि ‘एगप्लँट’ किंवा ‘ओबरजीन’ लवकर कळते. रश्शाला ‘ग्रेव्ही’ म्हणू नये, कारण तो शब्द ऐकून त्यांना दाट तपकिरी सॉसची अपेक्षा होते आणि समोरचा पातळ रस्सा त्यांना बिघडलेला वाटतो. ‘हॉट’ या शब्दाने तिखट आणि गरम दोन्ही समजते, तेव्हा चव सांगताना मिरचीचे नाव घ्या.

मापांसाठी माझी एक सोपी पद्धत आहे. सरावाच्या दिवशी मावशींना मापाने घालायला लावू नका; तसे केले की हात अडखळतो आणि चव बदलते. त्याऐवजी चटणीचा डबा, मिठाचा डबा आणि तेलाचे भांडे स्वयंपाकाच्या आधी तोला आणि नंतर पुन्हा तोला. चटणीचा डबा आधी 412 ग्रॅम भरला आणि नंतर 374, तर 38 ग्रॅम चटणी गेली. एक किलो मटणाला मावशींच्या हाताने एवढी पडते, हे आता कागदावर आले. मीठ मात्र तीन वेळा तोलावे लागते, कारण ते अळणीत, तांबड्यात आणि पांढऱ्यात निरनिराळे पडते, आणि पाहुणे सर्वांत जास्त चुकतात ते इथेच. अळणीत मीठ आहे हे विसरून ते दोन्ही रश्शांत पुन्हा पूर्ण मीठ घालतात. ‘चवीनुसार’ हा शब्द मी सांगते, पण त्याच्या आधी सुरुवातीचा आकडा देते. ज्याने हा रस्सा कधी चाखलेला नाही त्याच्याजवळ ती चव अजून नाही.

मावशींची वाटी किती मिलिलिटरची आहे ते पाणी भरून मोजा आणि तोच आकडा सांगा. ‘कप’ म्हणू नका. अमेरिकन कप सुमारे 240 मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला 250 चा आणि जपानमधला 200 चा असतो. मोठा चमचाही बहुतेक ठिकाणी 15 मिलिलिटरचा असला तरी ऑस्ट्रेलियात 20 चा आहे. सहा पाहुणे तीन देशांतले असतील तर ग्रॅम आणि मिलिलिटर हीच त्यांची सामाईक भाषा.

वाटीची खरी अडचण खोबऱ्यापाशी येते. “अर्धी वाटी खोबरं घ्या,” असे मावशी म्हणाल्या तर त्याचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे खोबऱ्याच्या अख्ख्या वाटीतली अर्धी, आणि दुसरा म्हणजे किसलेल्या खोबऱ्याने अर्धी भरलेली स्टीलची वाटी. मोठ्या खोबऱ्याच्या अर्ध्या वाटीचा कीस स्टीलच्या वाटीत मावणारही नाही. तुम्हाला मराठी येते म्हणूनच हा शब्द निसटतो, कारण ऐकताच आपल्या मनात एक अर्थ ठरून जातो आणि दुसरा विचारायचा राहतो. शिवाय ‘खोबरे’ म्हणजे सुके की ओले, हेही स्पष्ट व्हायला हवे. तांबड्याला सुके लागते आणि पांढऱ्याच्या दुधासाठी ओला नारळ, आणि इंग्रजीत दोन्ही ‘कोकोनट’च. मी ‘वाळवलेले’ आणि ‘ताजे’ हे शब्द दर वेळी लावते, ऐकायला कंटाळवाणे वाटले तरी.

कुकरच्या शिट्ट्यांचे भाषांतर करू नका. युरोपातल्या अनेकांचा प्रेशर कुकर शिट्टी वाजवतच नाही, आणि आपल्याकडेही शिट्टी हे काही वेळेचे ठरलेले माप नाही. दाब आल्यापासून किती मिनिटे ते सरावाच्या दिवशी घड्याळ लावून पाहा आणि तेच सांगा, सोबत ‘हाडापासून मांस सहज सुटले पाहिजे’ ही खूण द्या. मावशी पातेल्यात मटण शिजवत असतील तर वरच्या ताटात पाणी का ठेवतात, हे कोणीतरी हमखास विचारते. ताट आतल्या वाफेपेक्षा थंड राहिल्याने वाफ त्याच्या तळाशी गार होऊन परत पातेल्यात पडते, आणि ताटातले पाणी एव्हाना तापलेले असल्याने कमी पडल्यास तेच आत घालता येते. म्हणजे थंड पाणी घालून उकळी मोडावी लागत नाही. हे उत्तर मावशींना विचारून आधीच लिहून ठेवा, म्हणजे ऐन कामात त्यांना थांबवावे लागणार नाही.

वर्गात उभे कुठे राहायचे, तर मावशींच्या बाजूला, पाहुण्यांकडे तोंड करून, पण कढई झाकली जाणार नाही अशा बेताने. त्यांच्याशी आधी एवढेच ठरवा, की तेलात काही पडण्यापूर्वी त्या क्षणभर थांबतील. एकदा कांदा तेलात पडला की तो तुमच्या वाक्यासाठी थांबत नाही. एखादे वाक्य तुम्हाला समजले नाही, तर अंदाजाने पुढे जाऊ नका. “मावशी, म्हणजे रंग कसा हवा?” असे मराठीत विचारा, आणि तुम्ही काय विचारले ते पाहुण्यांनाही सांगा, म्हणजे आपल्याला वगळून बोलणे चालले आहे असे त्यांना वाटत नाही.

एका बाबतीत मात्र काटेकोर राहा. कोणाला काय बाधते हे वर्गाच्या काही दिवस आधी लेखी विचारून घ्या, कारण पांढऱ्या रश्शात काजू आणि तीळ दोन्ही असतात आणि दोहोंचीही तीव्र बाधा होऊ शकते. मावशी मायेने म्हणतील, “थोडंसंच आहे, काही होत नाही.” त्या मायेचे भाषांतर ‘सुरक्षित आहे’ असे करू नका. जे घातले आहे त्याचे नाव सांगा आणि निर्णय पाहुण्यावर सोडा. त्याच मिक्सरच्या भांड्यात किंवा पाट्यावर सकाळी शेंगदाण्याची चटणी वाटली होती का, हेही मावशींना विचारा. ज्वारीच्या भाकरीबाबतही असेच. ज्वारीत ग्लुटेन नसते हे खरे, पण पीठ ज्या गिरणीतून आले तिथे गहूही दळला जात असेल, तर सिलिॲक, म्हणजे ग्लुटेन न चालणारा आजार, असलेल्या माणसाला ‘ही ग्लुटेनमुक्त आहे’ असे सांगता येत नाही. ‘पीठ ज्वारीचे आहे आणि दळण गव्हाच्याही गिरणीतले आहे,’ एवढे पूर्ण वाक्य सांगावे लागते.

निघताना पाहुणे बहुधा मावशींची चटणी बांधून मागतात. त्यात खसखस आहे का ते आधी विचारून ठेवा. सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबिया या देशांत खसखस नेण्यास बंदी आहे, आणि आपल्याकडून परतणारे अनेक जण दुबईमार्गे जातात. चटणीत खसखस असेल तर पाहुण्यांचा परतीचा मार्ग विचारा, त्यांना हे स्पष्ट सांगा, आणि त्यांच्यासाठी खसखशीशिवाय थोडी चटणी वेगळी कुटून ठेवता येईल का, हे मावशींना आठवडाभर आधीच विचारा.